पाच कार्डांचा क्रॉस आणि पाच आठवड्यांनी आलेला मेसेज

टॅरो रीडरकडे प्रेमाचे जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो. जोडीदार एकाएकी बोलायचा थांबतो. भांडण झालेलं नसतं, ‘आता पुरे’ असंही कुणी म्हटलेलं नसतं. फोन उचलला जात नाही, मेसेजवर निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही. मग अनेक आठवड्यांनी, बहुतेक वेळा रात्री, जणू मधे काही घडलंच नाही अशा थाटात मेसेज येतो : ‘कशी आहेस?’ गप्प बसणं सोसायची एव्हाना थोडी सवय झालेली असते. या दोन शब्दांनी मात्र झोप उडते. आणि दुसऱ्या दिवशी रीडरसमोर प्रश्न मांडला जातो : “त्याच्या मनात नक्की काय आहे?”

या प्रश्नावर अनेक रीडर पाच कार्डांचा क्रॉस मांडतात. तो मांडायच्या दोन तऱ्हा आहेत. इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे रुळलेली तऱ्हा अशी : मधे वर्तमान, डावीकडे भूतकाळ, उजवीकडे भविष्य, खाली प्रश्नाचं मूळ आणि वर शक्यता. ती सोपी आहे, पण गप्प बसून परतलेल्या माणसाच्या बाबतीत फारशी कामाची नाही. भूतकाळ विचारणारीला पाठच असतो, आणि ‘भविष्य’ म्हटलं की सगळं लक्ष त्या एका कार्डावर खिळतं. दुसरी तऱ्हा फ्रेंच आहे. ती जुनी आहे, शिस्तीची आहे आणि तिचं पाचवं कार्ड गठ्ठ्यातून ओढलंच जात नाही. ते बेरजेनं काढलं जातं.

ही पद्धत छापील स्वरूपात प्रसिद्ध झाली ती ऑस्वाल्ड विर्थ यांच्या १९२७ सालच्या टॅरोवरील फ्रेंच पुस्तकामुळे. विर्थ मूळचे स्वित्झर्लंडचे. १८८९ मध्ये त्यांनी स्तानिस्लास द ग्वाइता या गूढविद्येच्या अभ्यासकाच्या मार्गदर्शनाखाली टॅरोची २२ मुख्य कार्डं नव्यानं रेखाटली होती. क्रॉसची पद्धत आपल्याला ग्वाइतांकडून मिळाली, आणि त्यांच्यापर्यंत ती जोसेफँ पेलादाँ या लेखकाकडून आली, असं विर्थ सांगतात. ग्वाइता आणि पेलादाँ यांनी १८८८ मध्ये एकत्र येऊन एक गूढपंथी मंडळ काढलं होतं आणि थोड्याच वर्षांत दोघांचं फाटलं. दुरावलेल्या माणसांच्या प्रश्नांवर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा हा इतिहास जरा गमतीचाच. त्याहून जुना इतिहास असा की, टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता. त्यातून भविष्य सांगण्याची चाल अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पडली. इजिप्तच्या पुरोहितांची प्राचीन विद्या वगैरे जे सांगितलं जातं, तेही त्याच शतकातलं पिल्लू आहे.

फ्रेंच क्रॉससाठी ७८ कार्डांचा पूर्ण गठ्ठा लागत नाही. फक्त २२ मुख्य कार्डं, म्हणजे मेजर आर्काना, वेगळी काढायची. पिसायची. चार कार्डं ओढून डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली ठेवायची. डावीकडचं कार्ड प्रश्नाच्या बाजूनं बोलतं. उजवीकडचं विरुद्ध बाजूनं. वरचं कार्ड न्यायाधीशाचं : दोन्ही बाजू कुठल्या मापानं तोलायच्या हे ते सांगतं. खालचं कार्ड निकालाचं. मग चारही कार्डांवरच्या आकड्यांची बेरीज करायची. बेरीज २२ पर्यंत असेल तर त्याच क्रमांकाचं कार्ड मधे ठेवायचं. २२ च्या वर गेली तर तिचे दोन अंक पुन्हा मिळवायचे. बेरीज ४७ आली तर चार अधिक सात, अकरा. हे मधलं कार्ड म्हणजे सगळ्याचा गोषवारा. ते आधीच टेबलावर असेल, तर त्याच कार्डाला दुप्पट वजन आहे असं धरतात.

मांडणी कोर्टकचेरीच्या धर्तीची असल्यामुळे प्रश्नही खटल्यासारखा, दोन बाजू असलेला लागतो. ‘त्याच्या मनात काय आहे’ या प्रश्नाला दोन बाजू नसतात. ‘तो परत येईल का’ याला आहेत, पण त्याचा निकाल त्याच्या हातात आहे आणि तो टेबलापाशी बसलेला नाही. म्हणून जाणता रीडर पहिली दहा मिनिटं कार्डांना हातच लावत नाही, प्रश्न घडवतो. या मेसेजला उत्तर देऊन मी हे नातं पुन्हा सुरू करावं का? आता डावीकडे ‘का करावं’ आणि उजवीकडे ‘का करू नये’ यांना जागा मिळाली, आणि निर्णय ज्या व्यक्तीचा आहे तीच समोर बसली आहे.

आता एक नमुना प्रकरण घेऊ. तिशीतली नोकरी करणारी मुलगी, दीड वर्षाची ओळख. तो पाच आठवडे गप्प. मग रात्री अकराला मेसेज : ‘कशी आहेस? आज आपल्या नेहमीच्या कॅफेवरून गेलो. आठवण आली.’ पाच आठवड्यांविषयी त्यात एक अक्षर नाही. प्रश्न वरच्यासारखा घडवला आणि चार कार्डं आली. डावीकडे जजमेंट, २०. उजवीकडे मून, १८. वर जस्टिस, मार्सेच्या फ्रेंच गठ्ठ्यात जिचा क्रमांक ८ आहे. खाली हर्मिट, ९.

डावीकडून सुरुवात करू. जजमेंटच्या चित्रात वर ढगातून एक देवदूत तुतारी फुंकतो आहे आणि खाली थडग्यातून माणूस उठून उभा राहतो आहे. विचारणारीचा चेहरा इथेच उजळतो. मेलेलं नातं जिवंत झालं, हाक आली! चित्र प्रसंगाशी इतकं जुळतं की रीडरलाही मोह होतो. पण हे कार्ड निकालाच्या जागी नाही. ते फक्त एका बाजूच्या वकिलाचं बोलणं आहे. त्याचा अर्थ एवढाच की, उत्तर देण्याच्या बाजूनं काही ठोस असेल तर ते हे, की हाक खरोखर आली. ती कल्पनेतली नाही. माणसानं फोन हातात घेतला, शब्द टाइप केले, पाठवले. पण जजमेंट हा शेवटच्या हिशेबाचा दिवसही आहे. त्या दिवशी झाकलेलं उघडं पडतं. म्हणून रीडरनं इथे विचारायचं : “तुमच्या मेसेजमध्ये हाक आहे, पण हिशेब आहे का? पाच आठवड्यांचा उल्लेख आहे?” नाही. म्हणजे डावी बाजू दिसते त्यापेक्षा अर्ध्यानं कमी भक्कम आहे.

उजवीकडे मून. दोन कुत्री चंद्राकडे तोंड करून भुंकत आहेत, मागे दोन बुरूज, पुढे डबक्यात एक खेकड्यासारखा प्राणी. या कार्डावर सगळ्यात जास्त नासधूस होते. ‘कुणीतरी तिसरी आहे, लपवाछपवी आहे’ हे वाक्य मून पाहिल्याबरोबर कित्येक रीडरांच्या तोंडून निघतं, आणि ते ऐकून गेलेली बाई पुढचा महिनाभर त्याचे फोटो झूम करून बघते. कार्ड तसं काही म्हणत नाही. उजवीकडची जागा म्हणजे प्रश्नाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट, आणि मून म्हणजे अपुरा उजेड. उत्तर द्यायच्या आड येतं आहे ते न कळणं. पाच आठवड्यांत तिनं त्याच्या गप्प बसण्याची तीन कारणं मनाशी रचलेली असतात : आई आजारी असेल, नोकरी गेली असेल, दुसरी कुणी भेटली असेल. तिन्हींना पुरावा नाही. या क्षणी तिनं लिहिलेलं कुठलंही उत्तर त्या माणसाला नसेल; यांपैकी एखाद्या कहाणीला असेल. ‘आई बरी आहे ना?’ असं लिहिलं की तिनं स्वतःच त्याला कारण पुरवलं.

इथे एक नियम सांगायला हवा, कारण नवशिके तिथेच घसरतात. उजवीकडचं कार्ड चित्रानं कितीही गोड असलं तरी त्याचा त्रासदायक पैलूच वाचायचा असतो. मूनऐवजी तिथे सन असतं, तर ‘वा, सूर्य आला’ म्हणून चालणार नाही. तेव्हा तो उजेडच आड येतो आहे असं धरायचं : जुन्या चांगल्या दिवसांच्या आठवणी इतक्या झगझगीत आहेत की आजचं काही दिसत नाही. विरोधाची जागा आधीच नेमलेली असल्यामुळे या क्रॉसमध्ये उलट्या पडलेल्या कार्डाला निराळा अर्थ लावायचीही गरज राहत नाही.

वरची जस्टिस समोर तोंड करून बसली आहे. एका हातात उभी तलवार, दुसऱ्यात तराजू. तराजू सांगतो, दोन्ही पारडी बघा : पाच आठवडे एकीनं वाट पाहिली, दुसऱ्यानं दोन ओळी लिहिल्या. तलवार सांगते, प्रश्न एकच आणि सरळ विचारा. उत्तर द्यायचं झालं तर त्यात गप्प बसण्याबद्दलचा प्रश्न हवा. टोमणा नको आणि ‘मी पण तुझीच आठवण काढत होते’ हेही नको. खालच्या हर्मिटला पाहून पुष्कळ जणी घाबरतात. म्हातारा, एकटा, हातात कंदील आणि काठी : म्हणजे मी एकटीच राहणार? पण निकालाच्या जागी तो फार तर गती सांगतो. कंदिलाचा उजेड दोन पावलांपुरता असतो, त्यामुळे चालणं सावकाश. रात्री अकरा वाजता उत्तर जाणार नाही. दोन दिवसांनी, दिवसाउजेडी, दोन ओळींचं जाईल.

आता बेरीज. २०, १८, ८ आणि ९ मिळून ५५. पाच आणि पाच दहा. दहा क्रमांकाचं कार्ड व्हील ऑफ फॉर्च्युन. चाकावर एक प्राणी चढतो आहे, एक उतरतो आहे, एक वर मुकुट घालून बसला आहे. मार्सेच्या चित्रात चाकाला फिरवायचा दांडा दिसतो, पण फिरवणारा हात दिसत नाही. या कार्डावर रीडरनं विचारायचा प्रश्न एकच : “असं पहिल्यांदाच झालं का?” आणि इथे, पाऊण तास उलटल्यावर, खरी माहिती बाहेर येते. नाही. गेल्या दिवाळीनंतर तीन आठवडे असंच झालं होतं. त्याआधी एकदा पावसाळ्यात. दर वेळी असाच मेसेज, दर वेळी तिनं लगेच दिलेलं उत्तर.

या चाकाचं काम कसं चालतं, हे मानसशास्त्रानं प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांचं १९५७ सालचं पुस्तक कबुतरांवरच्या प्रयोगांनी भरलेलं आहे. बटणावर प्रत्येक वेळी चोच मारल्यावर दाणा मिळाला, तर दाणा बंद होताच कबुतर लवकर थांबतं. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर तो बंद झाल्यावरही ते कितीतरी जास्त काळ चोच मारत राहतं. अधूनमधून, अंदाज येऊ न देता मिळणाऱ्या गोष्टीची ओढ नेमानं मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा चिवट असते. तो माणूस हे मुद्दाम करतो असं नव्हे. त्याला स्वतःलाही हे ठाऊक नसेल. पण पाच आठवड्यांनी आलेल्या ‘कशी आहेस’ला रोजच्या मेसेजपेक्षा जास्त जोर का असतो, याचं कारण त्यातल्या शब्दांत शोधण्याची गरज नाही.

इथपर्यंत वाचन नीट लागलं. आता त्यातली मेख पाहू. हीच चार कार्डं एखाद्या मुंबई-पुण्याच्या रीडरकडे पडली असती, तर तिच्या हातात बहुधा मार्सेचा गठ्ठा नसता. आपल्याकडे सर्रास दिसतो तो १९०९ मध्ये लंडनला निघालेला रायडर-वेट गठ्ठा, ज्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. आर्थर वेट यांनी त्यात दोन कार्डांच्या क्रमांकांची अदलाबदल केली : स्ट्रेंग्थ ८ झाली आणि जस्टिस ११. म्हणजे आता बेरीज २०, १८, ११ आणि ९, एकूण ५८. पाच आणि आठ तेरा. मधे डेथ. तीच मुलगी, तोच मेसेज, तीच चार चित्रं. एकीकडून ती ‘हे चक्र आहे’ असं ऐकून बाहेर पडते आणि दुसरीकडून ‘हे संपलं’ असं ऐकून. फूलचा घोळ याहून मोठा. काही जण त्याला २२ धरतात, काही शून्य. त्यामुळे रीडरनं आपण कुठले क्रमांक धरतो हे पिसण्याआधी ठरवलेलं असलं पाहिजे. कार्डं उघडल्यावर जो आकडा सोयीचा तो घेतला, तर मधलं कार्ड रीडरनं स्वतःच निवडलं असं म्हणावं लागेल.

बेरजेच्या पद्धतीचा आणखी एक परिणाम आहे, जो कागद-पेन्सिल घेतली तर कुणालाही तपासता येतो. एकदा ओढलेलं कार्ड परत न टाकता आणि फूलला २२ धरून २२ मधून चार कार्डं ओढण्याचे ७,३१५ प्रकार होतात. बेरीज कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ८२. त्यामुळे एक क्रमांकाचं मॅजिशियन आणि दोन क्रमांकाचं हाय प्रीस्टेस ही कार्डं मधे कधीच येऊ शकत नाहीत. सन मधे यायला बेरीज नेमकी १९ लागते आणि ती फक्त १८ प्रकारांनी जुळते, म्हणजे सुमारे चारशेत एकदा. आशेचं म्हणून ओळखलं जाणारं स्टार ११ प्रकारांनी, सुमारे साडेसहाशेत एकदा. बेरजा चाळिशी-पन्नाशीच्या आसपास गर्दी करतात, म्हणून पाच ते तेरा या क्रमांकांची कार्डं मधे पुनःपुन्हा दिसतात. त्यात सहा क्रमांकाचं लव्हर्सही आहे. ते साधारण दहा क्रॉसमागे एकदा येतं. मधे लव्हर्स पाहून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. आणि सन आलं नाही म्हणून खट्टू होण्यात तर काहीच अर्थ नाही.

मग हा सगळा खटाटोप सांगतो तरी काय? त्या माणसाच्या डोक्यातलं काहीही सांगत नाही. जी माहिती कामाची ठरली, ती सगळी तिच्याकडचीच होती : मेसेजमध्ये पाच आठवड्यांचा उल्लेख नसणं, तीन रचलेली कारणं, दिवाळीनंतरची तशीच घटना. क्रॉसनं तिला ती ठरावीक क्रमानं बोलायला लावली, आणि बाजूचं, विरुद्ध आणि मोजमाप अशा वेगळ्या जागांवर ठेवायला लावली. रात्री अकराला फोन हातात घेऊन हे जमत नाही. जागा आणि क्रम पाळले नाहीत, तर मात्र पाच सुंदर चित्रं आणि रीडरची वाक्चतुराई एवढंच उरतं.

वाक्चतुराईला माणूस किती सहज भुलतो, हे बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये दाखवलं. त्यानं ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं’ म्हणून वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि त्यातला बराच मजकूर बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. ‘त्याच्या मनात तुमच्याबद्दल भावना आहेत, पण तो जवळिकीला घाबरतो’ हे वाक्य त्याच जातीचं. गप्प बसून परतलेल्या कुठल्याही माणसाला ते फिट बसतं.

वाचन कार्डांचं चाललं आहे की चेहऱ्याचं, हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. डावं आणि उजवं कार्ड मनात बदलून पाहावं. मून बाजूनं आणि जजमेंट विरुद्ध असतं तर? तेव्हा म्हणावं लागलं असतं : अंदाज येत नाही म्हणूनच एक उत्तर देऊन बघायला हरकत नाही, आड येतो आहे तो एकाच झटक्यात सगळा निवाडा करून टाकायचा हट्ट. सल्ला खरंच बदलला. जागा बदलूनही रीडर तेच वाक्य म्हणत असेल, तर ते वाक्य कार्डांमधून आलेलं नव्हतं. ‘पुन्हा एकदा ओढून बघू’ हीदेखील तशीच खूण. त्याच प्रश्नावर दुसऱ्यांदा ओढलेला क्रॉस पहिल्याला पुसून टाकतो, आणि मनासारखं कार्ड येईपर्यंत ओढत राहिलं तर ते येतंच.

काही मेसेजवर मात्र कार्डं मांडूच नयेत. गप्प होण्याआधी मारहाण, धमकी किंवा पाळत ठेवणं घडलेलं असेल, तर त्या ‘कशी आहेस’ला दोन बाजू नसतात. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि तो मेसेज न पुसता जपून ठेवणं उपयोगी पडतं.

एरवी कुणाला हा क्रॉस मांडून घ्यायचाच असेल, तर बसण्याआधी रीडरला तीन गोष्टी विचाराव्यात : २२ कार्डं घेता की ७८, जस्टिसला आठ धरता की अकरा, आणि फूलला बावीस की शून्य. उत्तरं कुठलीही चालतील, पण ती आधीच ठरलेली हवीत. ती ठरलेली नसतील, किंवा उत्तराऐवजी त्याला परत आणायच्या विधीचा भाव सांगितला जात असेल, तर पैसे खिशातच ठेवून उठावं.